कंसात इसवी सन

किल्ल्याच्या माहितीपुस्तिकेचा एक मोठा गुण आहे. ती कुणी वाचत नाही. तिकीटखिडकीपाशी ती विकत घेतली जाते, पहिल्या चढावर तिचा पंखा होतो, दुसऱ्या चढावर ती बुडाखाली जाते आणि घरी आल्यावर रद्दीत. त्यामुळे तिच्यातलं वाक्य कितीही लांबलं तरी आजवर त्याचा कुणाला त्रास झालेला नाही. त्रास सुरू होतो तो ही पुस्तिका लोकांना ऐकवायची असं कुणाच्या तरी मनात येतं तेव्हा.

दौलताबादच्या किल्ल्याबाबत एका संस्थेच्या मनात ते आलं. पर्यटकानं मोबाइल काढायचा, कानात बोंडं घालायची, जागोजागच्या पाटीवरचा नंबर दाबायचा आणि माहिती ऐकत ऐकत किल्ला चढायचा. ‘मजकूर तयारच आहे,’ संस्थेचे साहेब म्हणाले, ‘तुम्ही फक्त जरा बोलीभाषेत करून द्या.’ ही ‘फक्त’ आणि ‘जरा’ची कामं मी ओळखून आहे. त्यांचं मानधनही फक्त आणि जरा असतं.

पुस्तिका लिहिली होती एका अभ्यासक सरांनी. अभ्यास खणखणीत. यादवांपासून निजामापर्यंत कुठेही बोट ठेवायला जागा नाही. अडचण एवढीच की सरांच्या वाक्यात एकदा शिरलं की बाहेर पडायचा रस्ता सापडत नाही. किल्ल्याच्या रचनेचा लेखनशैलीवर इतका परिणाम झालेला मी दुसरा पाहिला नाही.

आणि वाचणाऱ्या होत्या एक ताई. उभा जन्म माइकसमोर गेलेला, आवाज गोड, उच्चार स्वच्छ, आणि एक तत्त्व पक्कं : समोर लिहिलंय ते वाचायचं, मनाचं काही घालायचं नाही. संस्थेला घाई होती म्हणून ‘नमुना म्हणून एक पान तसंच वाचून बघू’ असं ठरलं. ताईंनी चष्मा लावला, पाणी प्यायल्या आणि वाचू लागल्या : ‘यादव कुलातील भिल्लम पाचवा कंसात इसवी सन अकराशे सत्त्याऐंशी कंस पूर्ण याने...’

काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगच्या पोरानं हात वर केला. ‘मॅडम, कंस नको.’

‘नको असेल तर खोडा,’ ताई म्हणाल्या. ‘कागदावर आहे ते मी वाचणार.’

कंस खोडला. आता झालं : ‘भिल्लम पाचवा अकराशे सत्त्याऐंशी याने.’ हे तर एखाद्या हवालदाराच्या बिल्ल्याचं वर्णन वाटायला लागलं.

पुढे चांद मिनार आला. ‘उंची ६३ मी.’ ताईंनी अतिशय ठाम आवाजात वाचलं, ‘उंची त्रेसष्ट मी.’ क्षणभर आम्हा सगळ्यांना ताईंच्या उंचीबद्दल आदर वाटला. मग ‘पाहा आकृती ४’ आलं, ‘वरील परिच्छेदात नमूद केल्याप्रमाणे’ आलं, आणि पान संपायच्या आत साहेबांनी स्वतःच सांगितलं की बोलीभाषेत करणं ‘थोडंसं’ आवश्यक आहे. जरावरून आम्ही थोड्यावर आलो होतो. प्रगती होती.

छापलेल्या वाक्याला माहीत असतं की वाचणारा बसलेला आहे. त्याला मागे जाता येतं, ओळ पुन्हा वाचता येते, कंटाळा आला तर चित्र बघता येतं. कानानं ऐकणारा माणूस उभा आहे, उन्हात आहे, त्याला धाप लागली आहे, हातात पाण्याची बाटली आहे आणि धाकटं पोर तोफेवर चढतंय. त्याला एक वाक्य एकदाच मिळतं. ते निसटलं की निसटलं. बटण मागे फिरवून ‘भिल्लम पाचवा’ पुन्हा ऐकणारा पर्यटक अजून जन्माला यायचाय.

त्यात वेळेचा हिशेब. शांतपणे, समजेल असं बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. एका जागी उभं राहून माणूस दीड मिनिट नीट ऐकतो, सावली असेल तर दोन. म्हणजे एका थांब्याला दीडशे ते अडीचशे शब्द. सरांनी महाकोटाच्या दरवाजांवर नऊशे शब्द लिहिले होते. मे महिन्यात तेवढं उभं राहून ऐकणारा पर्यटक इतिहासात जमा झाला असता.

‘पण मग यातलं गाळायचं काय?’ सरांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी किल्ल्यातल्या शेवटच्या बुरुजासारखा झाला होता.

गाळायला पहिली पाळी आली सनांची. दौलताबादला सनांचा सुकाळ आहे. ११८७ च्या सुमारास भिल्लमानं देवगिरी वसवली. १२९६ ला अलाउद्दीन खलजी आला. १३२७ ला महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथं आणली आणि देवगिरीचं दौलताबाद केलं. १३४७ ला इथंच बहमनी राज्याचा पहिला सुलतान गादीवर बसला. १६३३ ला मुघलांनी किल्ला घेतला. कागदावर हे सगळे आकडे शिस्तीत उभे असतात. कानात मात्र सत्तावीस आणि सत्तेचाळीस यांचं धापेच्या आवाजात काय होतं ते ऐकून बघा. शिवाय ऐकणारं पोर इंग्रजी माध्यमातलं असलं तर ‘सत्त्याऐंशी’ ऐकून ते आईकडे बघतं, आई बाबांकडे बघते आणि बाबा चांद मिनाराकडे.

म्हणून ठरवलं, एका थांब्याला एकच सन. बाकीचं अंतरात सांगायचं. ‘देवगिरी वसल्यावर शंभरएक वर्षांनी’, ‘तुघलकानं राजधानी आणली त्याला वीस वर्षं होतात न होतात तोच’. वीस वर्षं म्हणजे किती हे कुणालाही कळतं. राजधानी आणणारा सुलतान अजून जिवंत असतानाच इथं दुसरं राज्य उभं राहतं, ही गंमत वीस म्हटल्यावर लक्षात येते. दोन सनांची वजाबाकी करायला लावली तर ती वजाबाकीतच राहते.

‘सन काढले तर इतिहासात उरलं काय?’ सर म्हणाले.

‘स्टोरी,’ काचेपलीकडून पोरगा म्हणाला. सर त्याच्याशी नंतर बराच वेळ बोलले नाहीत.

चांद मिनाराच्या ‘त्रेसष्ट मी’चं आम्ही ‘वीसएक मजल्यांची इमारत’ केलं. सरांची हरकत होती की बहमनी काळात मजले असे मोजत नसत. ती बरोबर होती, पण मीटरनंही मोजत नसत हे लक्षात आल्यावर त्यांनी ती मागे घेतली.

दिशांनी मात्र आम्हाला खरं रडवलं. पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘प्रवेशद्वारातून आत गेल्यावर डाव्या बाजूस’. पुस्तिकेतला माणूस दारातून आत जातो आणि नाकासमोर बघत राहतो. खरा माणूस दारातून आत जातो आणि लगेच उलटा फिरून कुटुंबाचा फोटो काढतो. आता त्याची डावी कुठली? दुसरीकडे ‘आग्नेय दिशेस’ होतं. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना आग्नेय दिशा कुठं हे फक्त ज्यांनी नुकतंच स्वयंपाकघर हलवलंय त्यांनाच सांगता येतं. तेव्हा नियम केला की आधी माणसाला कशाकडे तरी तोंड करून उभं करायचं आणि मगच डावं-उजवं बोलायचं. ‘चांद मिनाराकडे तोंड करून उभे राहा.’ मिनार चुकवू म्हटलं तरी चुकत नाही, तो या कामासाठी नामी आहे. ज्यानं बांधला त्यानं विजयासाठी बांधला म्हणतात. आमच्या टूरमध्ये तो बाण म्हणून कामाला आला.

त्याहून मोठी उलथापालथ क्रमाची. पुस्तिकेत आधी राजघराणं, मग कालखंड, मग स्थापत्याची शैली आणि सगळ्यात शेवटी प्रत्यक्ष वस्तू. मराठीत क्रियापदही वाक्याच्या शेवटी, म्हणजे वस्तू दिसूनही तिचं काय झालं हे कळायला आणखी थांबायचं. इकडे माणसानं तर ती वस्तू केव्हाच पाहिलेली असते. महाकोटाच्या दरवाजावरच्या लोखंडी खिळ्यांना त्यानं हात लावून झालेला असतो, टोक किती अणकुचीदार आहे हे बोटाला कळलेलं असतं आणि कानात अजून यादवांची वंशावळ चालू असते. म्हणून सगळं उलटं केलं. ‘दारावरचे खिळे बघा. हे माणसासाठी नाहीत, हत्तीसाठी आहेत. दार फोडायला हत्ती आणत. हत्तीनं कपाळ लावलं की काय होईल, ते बोट लावून बघा. हळू.’ मग दोन सेकंद गप्प बसायचं. आणि मग, ऐकायची तयारी झाली की, एकामागून एक दरवाजे सरळ रेषेत का नाहीत ते सांगायचं : प्रत्येक दारापुढे वळण ठेवलंय, कारण वळणावर हत्तीला धाव घ्यायला जागा मिळत नाही. हे सांगितल्यावर लोक आपणहून मागे वळून बघतात. वंशावळीनं कुणी वळत नाही.

सरांच्या पुस्तिकेत एक विशेषण फार होतं : ‘अभेद्य’. किल्ल्याच्या पुस्तिकेतून ते काढणं म्हणजे लग्नपत्रिकेतून ‘आमच्या येथे श्री कृपेकरून’ काढण्यासारखं. छापील पानावर ते डोळ्याला दिसतही नाही इतकं अंगवळणी पडलंय. पण ताईंनी मोठ्यानं वाचलं, ‘हा अभेद्य किल्ला अलाउद्दीन खलजीने जिंकला, त्यानंतर हा अभेद्य किल्ला महाबतखानाने जिंकला’, तेव्हा काचेपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. पोरगा खुर्चीवरून घसरला होता.

मग मी सरांना विचारलं, हा पडला कसा ते सांगा की. आणि सर बोलायला लागले. लिहायला नव्हे, बोलायला. अलाउद्दीन अचानक चालून आला, रामदेवरायाचं बरंचसं सैन्य मुलाबरोबर बाहेर गेलेलं. राजा घाईघाईनं वर गडात शिरला. धान्याची पोती वर चढवली. वेढा पडल्यावर पोती उघडली तर, तवारिखेत म्हटल्याप्रमाणे, धान्याऐवजी मीठ! पुढे १६३३ च्या वेढ्यातही आत दाणा राहिला नव्हता. कडा कुणाला चढता आला नाही हो, पोटानं दार उघडलं. ‘सर,’ मी म्हटलं, ‘हेच. हेच लिहून द्या.’ सरांनी कागद ओढला आणि लिहिलं, ‘रसदीच्या अभावी शरणागती पत्करण्यात आली.’

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सरांना बोली येत नाही असं नाही; पेन हातात आलं की ती जाते. तिथून पुढे मी पेन त्यांच्या हातात दिलंच नाही. मोबाइल मधे ठेवायचा, एक थांबा घ्यायचा आणि विचारायचं, ‘इथं तुमचा नातू उभा असला तर काय सांगाल?’ मग जे यायचं ते उतरवायचं, सांधायचं, सनांना चाळण लावायची. अर्धी टूर अशी निघाली.

उरलेली अर्धी निघाली किल्ल्यावरच्या वाटाड्याकडून. तिथले वाटाडे वर्षानुवर्षं तेच सांगतात, आणि रोज ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून सांगतात, त्यामुळे कंटाळवाणं वाक्य त्यांच्याकडे टिकूच शकत नाही. आमचा वाटाड्या मेंढा तोफेपाशी आला की आधी बोलायचा नाही. सगळे गोळा होईपर्यंत थांबायचा. मग तोफेच्या बुडाशी असलेल्या मेंढ्याच्या तोंडावर हात ठेवून म्हणायचा, ‘हिचं नाव काय असेल?’ चौथीतलं पोरही ‘मेंढा!’ ओरडायचं, आणि त्या क्षणी सगळी गर्दी त्याची व्हायची. पुस्तिकेत याच तोफेवर लांबी, व्यास, धातू आणि लेखाचं वाचन होतं. मेंढा शेवटून दुसऱ्या ओळीत होता.

मात्र वाटाड्याचा इतिहास उदार होता. अंधारी या भुयारातून एक वाट थेट दिल्लीला जाते असं तो सांगायचा. दुसऱ्या दिवशी तीच वाट गोवळकोंड्याला गेली. मी विचारलं तर म्हणाला, ‘आज हैदराबादची पार्टी होती ना साहेब.’ म्हणजे एकीकडे माहिती होती पण जीभ नव्हती, दुसरीकडे जीभ होती आणि माहिती प्रवाशांच्या सोयीनं वळत होती. आमची संहिता या दोघांच्या मधे कुठंतरी बसवायची होती.

त्या संहितेची खरी परीक्षा अंधारीतच झाली. पुस्तिकेतलं वाक्य असं होतं :

‘किल्ल्याच्या मूळ कातळात खोदून काढण्यात आलेल्या, शत्रूची दिशाभूल करण्याच्या हेतूने वक्राकार ठेवण्यात आलेल्या व संपूर्णतः अंधकारमय असलेल्या “अंधारी” या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भुयारी मार्गाच्या वरील टोकास लोखंडी झाकण व शेगडीची योजना करण्यात आलेली असून आक्रमणप्रसंगी धूर सोडून शत्रूचा नायनाट करण्यात येत असे.’

ताईंनी हे एका दमात वाचायचा प्रयत्न केला. ‘ओळखल्या जाणाऱ्या’पर्यंत त्या गेल्या. तिथं श्वास घ्यायला थांबल्या तर भुयार अर्ध्यात तुटलं. एका दमात म्हणता येत नाही ते वाक्य एका दमात ऐकूही येत नाही, ही चाचणी तिथं सापडली आणि पुढे सगळ्या मजकुराला लावली.

पहिल्या फेरीत मी फक्त तुकडे केले. ‘हे भुयार कातळात खोदलेलं आहे. ते वळणावळणाचं आहे. त्यात पूर्ण अंधार आहे. वरच्या टोकाला लोखंडी झाकण होतं.’ हे बोलणं नव्हतं, जप्तीचा पंचनामा होता. वाक्य लहान केलं म्हणजे ते बोललं जातं असं नाही. एका वाक्यानं पुढच्याला हाक मारावी लागते.

दुसऱ्या फेरीत मी उलटा घसरलो. ‘तर मंडळी, आता बरं का, आपण शिरणार आहोत एका अशा भुयारात, जिथं...’ साहेबांना हे फार आवडलं. त्यांनी लगेच मागे तुतारी, घोड्यांच्या टापा आणि तलवारींचा खणखणाट घालायचं सुचवलं. वाटाड्याला ऐकवलं तर तो म्हणाला, ‘टापा कुठल्या? आत घोडा शिरत नाही. आणि एवढा आवाज केला तर वटवाघळं उठतील.’ तुतारी गेली.

तेवढ्यात ताईंनी विचारलं, ‘नायनाट कुणी केला?’

‘म्हणजे?’

‘“करण्यात येत असे” म्हणजे कुणी करत असे? कधी? कुणाचा झाला? मी बोलणार आहे, कुणी विचारलं तर मला ठाऊक नको?’

कुणी विचारणार नव्हतं, कारण ताई रेकॉर्डिंगमध्ये बोलणार होत्या. पण प्रश्न रास्त होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एवढा खटाटोप अमक्या वेढ्यात, अमक्या दिवशी वापरला गेला असं दाखवता येईल असं काही त्यांच्याकडे नव्हतं. रचना मात्र स्वच्छ होती : चिंचोळी वाट, वर झाकण, शेजारी निखाऱ्यांची सोय. ‘करण्यात येत असे’च्या आडोशाला हे इतकी वर्षं बिनधास्त राहत होतं. तोंडानं बोलायची वेळ आली आणि कर्ता हजर करावा लागला. नायनाट गेला, ‘धूर सोडता येईल अशी सोय’ राहिली. सरांनी पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीसाठीही ती नोंद करून घेतली, हे या सगळ्या उद्योगाचं एक अनपेक्षित फळ.

मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन ऐकून पाहिलं, आणि तिसरी अडचण समोर आली. अंधारीत पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, पुढची गुडघाभर. डोळ्यांना दिसत नाही तेव्हा माणूस कानानं चालतो : पुढच्याचं पाऊल, मागच्याचं ‘अगं सांभाळ’. नेमक्या त्या वेळी त्याच्या दोन्ही कानांत आम्ही इतिहास ओतत होतो. संस्थेचा एक तरुण ‘लोखंडी झाकण’ ऐकत ऐकत गेला आणि पायरी चुकून पुढच्याच्या पाठीवर आदळला. पुढे साहेब होते. त्यामुळे या मुद्द्यावर निर्णय चटकन झाला.

शेवटी अंधारीचे दोन थांबे केले. बाहेरच्या उजेडात पहिला : ‘पायरीपाशी थांबा. पुढे अंधार आहे आणि पायऱ्या लहानमोठ्या आहेत. मोबाइलचा दिवा लावा, एक हात भिंतीला राहू द्या. आत मी बोलणार नाही. तुम्हीच विचार करा : हातात ढाल-तलवार आहे, दिवा नाही, आणि वर कुणीतरी तुमची वाट बघतंय. पुन्हा उजेड दिसला की पुढचा नंबर दाबा.’ आणि वर पोचल्यावर दुसरा : ‘मागे वळा. आत्ता ज्या तोंडातून बाहेर आलात, त्याच्यावर लोखंडी झाकण असायचं. वरून ते लावायचं आणि शेगडी पेटवून धूर खाली सोडायचा, अशी ही सोय. तुम्हाला वर यायला किती वेळ लागला ते आठवा.’ एवढंच. आत किती वाटा फसव्या आहेत ते वेगळं सांगावं लागत नाही. एखाद्या काकांनी ती माहिती स्वतःहून मिळवलेली असते.

इब्न बतूतानं दौलताबादच्या तुरुंगातल्या मांजराहून मोठ्या उंदरांबद्दल लिहून ठेवलंय. साहेबांना ते अंधारीच्या तोंडाशी हवं होतं, ‘थरार’ म्हणून. वाटाड्या म्हणाला, आधी सांगितलंत तर बायका-माणसं आत जाणार नाहीत. गेली तर पोरं किंचाळतील, मग मागचे पळतील, आणि पळणारा पायरी बघत नाही. उंदीर वरच्या बारादरीत गेले. तिथं वारा असतो, बसायला जागा असते, आणि सुटलो म्हणून माणसाला कुठल्याही उंदराचं कौतुक वाटतं.

राहता राहिला चिनी महाल, आणि तो सगळ्यात कमी शब्दांत झाला. ‘भिंतीवर निळ्या रंगाच्या फरशांचे तुकडे दिसतात? त्यांच्यावरून हा चिनी महाल. नाव महाल, काम तुरुंगाचं. १६८७ मध्ये औरंगजेबानं गोवळकोंडा घेतला आणि तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला इथं आणून ठेवलं. तो इथून बाहेर पडला नाही. बारा वर्षं.’ इथं तीन सेकंद काही बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ऐकणाऱ्याला त्या निळ्या तुकड्यांकडे बघायला वेळ हवा.

पोरानं संकलनात ते तीन सेकंद कापून टाकले. ‘मला वाटलं मॅडम अडखळल्या.’ म्हणून पुढच्या वेळी मी संहितेतच सूचना घातली, ठळक अक्षरात, चौकटी कंसात : ‘तीन सेकंद थांबा.’

ताईंनी ती वाचली. कंसासकट.

तर आता तुमच्यासाठी चार शब्द. दौलताबादला जाताना मजकूर घरूनच मोबाइलमध्ये उतरवून घ्या, कातळाच्या पोटात रेंज नसते. मोबाइल भरून घ्या, दिव्यासाठीही तोच लागणार आहे. बोंड एकाच कानात घाला. दुसऱ्या कानानं वाटाड्याचं ऐका, तो आमच्यापेक्षा चांगलं बोलतो. त्यानं भुयार दिल्लीला जातं म्हटलं तर मान डोलवा आणि त्याचे पैसे बिनघासाघीस द्या. भुयार कुठं निघतं ते आमच्या वरच्या थांब्यावर सांगितलंच आहे.